बावीस तासांतून तीन मिनिटं

अलीकडे बऱ्याच साहित्य संमेलनांत समारोपाच्या आधी मंचामागच्या एलईडी पडद्यावर तीन मिनिटांची फिल्म दाखवतात. ग्रंथदिंडी, उद्घाटन, अध्यक्षांचं भाषण, पुस्तकांचे गाळे, रात्रीचं कवी संमेलन असं सगळं तीत झरझर येऊन जातं. आपला चेहरा दिसला की रांगांमधून हसू उमटतं. त्याच रात्री ती व्हॉट्सॲपवर फिरू लागते आणि जे येऊ शकले नाहीत त्यांच्यापुरतं संमेलन म्हणजे ती तीन मिनिटंच होऊन बसतात. म्हणून ती फिल्म नीट व्हावी असं मला फार वाटतं. मी संकलनाचं काम करतो. हे काम बाहेरून दिसतं त्याहून बरंच वेगळं आहे.

एका जिल्ह्याच्या गावी झालेल्या तीन दिवसांच्या संमेलनाचं उदाहरण घेतो. तिथे तीन कॅमेरे होते. एक मांडवाच्या मागच्या टोकाला ट्रायपॉडवर, सगळा मंच टिपणारा. दुसरा मंचाच्या उजव्या अंगाला, वक्त्याचा चेहरा जवळून घेणारा. तिसरा हातात घेऊन फिरणारा. त्याशिवाय सहा स्वयंसेवकांचे मोबाइल, आणि ध्वनिव्यवस्थेच्या टेबलावर मिक्सरला जोडलेला एक छोटा रेकॉर्डर. तीन दिवसांचं चित्रण भरलं साधारण बावीस तास. त्यातून तीन मिनिटं काढायची म्हणजे दर ४४० मिनिटांतलं एक मिनिट ठेवायचं. वॉल्टर मर्च या नामवंत अमेरिकी संकलकाने ‘अपोकॅलिप्स नाऊ’ या चित्रपटाबद्दल लिहिताना तिथलं प्रमाण ९५ ला १ असल्याचं सांगितलं आहे, आणि ते काम दीर्घ काळ चाललं होतं. संमेलनाच्या फिल्मला मात्र दोनच रात्री मिळतात, कारण तिसऱ्या दिवशी दुपारी चारला ती पडद्यावर लागायची असते.

बावीस तास नुसते बघायलाच बावीस तास लागतात. दोन रात्रींत ते होणं शक्य नाही. मग नवखा संकलक काय करतो? क्लिपा भराभर पुढे ओढत जातो, जे चित्र डोळ्यांत भरतं ते उचलतो, खाली एखादं जोशपूर्ण संगीत घालतो. अशी फिल्म दिसायला छान होते, पण ती कुठल्याही संमेलनाची असू शकते. समई पेटते, टाळ्या वाजतात, ड्रोनवरून मांडव दिसतो. या संमेलनात कोण काय बोललं, लोक कशावर हसले, कशावर गप्प झाले, याचा तिच्यात मागमूस नसतो. कारण भराभर पुढे ओढताना आवाज ऐकू येत नाही, आणि संमेलन ही मुळात ऐकण्याची गोष्ट आहे.

यावरचा सगळ्यात परिणामकारक उपाय म्हणजे एक वही. ध्वनिव्यवस्थेच्या टेबलाशेजारी एका स्वयंसेवकाला दिवसभर बसवायचं. त्या संमेलनात मराठी विषयात एमए करणारी एक मुलगी बसली होती. लोक हसले, टाळी पडली, मांडव एकदम शांत झाला की घड्याळात बघायचं, वेळ लिहायची, बोलणाऱ्याचं नाव लिहायचं आणि त्या वाक्याचे चार शब्द टिपायचे, एवढंच तिचं काम. तिच्या वहीत ‘११.३२, अध्यक्ष, आजीच्या ओव्या, शांतता’ अशा नोंदी होत्या. रात्री ती येऊन म्हणाली, “दादा, टाळ्यांच्या जागा तुम्हांला आवाजाच्या आलेखावरही दिसतील. शांततेच्या जागा तेवढ्या माझ्याकडून घ्या.” तिचं म्हणणं अगदी खरं होतं. संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्ये आवाजाची जी रेघ दिसते, तिच्यात टाळ्यांचा फुगवटा लगेच ओळखू येतो. सहाशे माणसं श्वास रोखून ऐकत होती हे मात्र त्या रेघेवरून कळत नाही. ते तिथे बसलेल्या माणसालाच कळतं.

ही वही उपयोगी पडायची तर सगळी घड्याळं जुळलेली हवीत. प्रत्येक कॅमेऱ्यात तारीख आणि वेळ असते, पण दोन कॅमेऱ्यांत दहा-वीस मिनिटांचा फरक ही नेहमीची गोष्ट. बॅटरी पार उतरून गेलेला एखादा कॅमेरा तर कित्येक वर्षं मागची तारीख दाखवतो. म्हणून पहिल्या दिवशी दिंडी निघायच्या आधी सगळ्या कॅमेऱ्यांची वेळ मोबाइलवरून लावून घ्यायची, आणि खात्रीसाठी प्रत्येक कॅमेऱ्याने एकाच मोबाइलच्या पडद्यावरचं सेकंदकाट्याचं घड्याळ पाच सेकंद चित्रित करायचं. पुढे कुणाचं घड्याळ किती पुढे-मागे आहे हे त्या पाच सेकंदांवरून कळतं. हे केलं की ११.३२ म्हटल्यावर तिन्ही कॅमेऱ्यांतली तीच जागा एका मिनिटात सापडते.

आता निवड. आमच्या कामात मी एक नियम पाळतो. आधी आवाजाची फिल्म करायची, मग चित्राची. वहीतल्या नोंदींवरून मी मिक्सरच्या रेकॉर्डिंगमधली वाक्यं काढतो. पहिल्या खेपेला पन्नासएक मिनिटांचा माल निघाला. तो बघायचा नाही, नुसता ऐकायचा. डोळे मिटून ऐकलं तर आणखी बरं. ऐकताना अर्धी वाक्यं आपोआप गळतात, कारण मांडवात टाळी घेतलेलं वाक्य एकट्याने उभं राहतंच असं नाही. त्याच्या आधीच्या चार मिनिटांच्या बोलण्यावर ते टेकलेलं असतं. जे वाक्य मागचं-पुढचं काही न सांगता समजतं आणि बोलणाऱ्याच्या आवाजात ज्याचं वजन ऐकू येतं, तेच टिकतं. पन्नास मिनिटांची बारा झाली, बाराची दोन, आणि शेवटी सहा तुकडे उरले. सगळे मिळून सत्तर सेकंद. अध्यक्षांचे दोन, एका पुस्तकविक्रेत्याचा एक, बालमेळाव्यातल्या एका मुलाचा एक, कवी संमेलनातला एक आणि एका प्रौढ वाचकबाईंचा एक. उरलेली एकशे दहा सेकंदं गावाच्या, दिंडीच्या आणि मांडवाच्या आवाजांना ठेवली.

सहापेक्षा जास्त तुकडे घेतले की काय होतं, तेही सांगायला हवं. तीन मिनिटांत दहा माणसं बोलली तर प्रत्येकाच्या वाट्याला पाच-सहा सेकंद येतात आणि बघणाऱ्याला एकही वाक्य आठवत नाही. माणूस बोलू लागला की त्याच्या आवाजाची ओळख पटायलाच दोन-तीन सेकंद जातात.

हे सत्तर सेकंद टाइमलाइनवर मांडले, मध्ये श्वासाला जागा ठेवली, की फिल्मचा कणा तयार होतो. मग चित्रं जुळवायची, आणि इथे कॅमेऱ्यांचे व मोबाइलचे आवाज मिक्सरच्या स्वच्छ आवाजाशी जुळवण्याचा प्रश्न येतो. मांडवातल्या कॅमेऱ्याचा स्वतःचा मायक्रोफोन सगळा गोंगाट पकडतो: पंखे, खुर्च्यांची सरकासरक, मागच्या रांगेतल्या गप्पा. तो आवाज फिल्ममध्ये चालत नाही, पण जुळवणीसाठी लागतो. प्रीमियर किंवा डाविंची रिझॉल्व्हसारखं सॉफ्टवेअर दोन्ही आवाजांच्या रेघा शेजारी ठेवून त्यांचे चढउतार ताडून बघतं आणि चित्र बरोबर जागी सरकवतं. काम मिनिटभरात होतं. म्हणूनच बरेच जण ते तपासून बघत नाहीत.

तपासायला हवं, कारण ध्वनीला प्रवास करायला वेळ लागतो. तो सेकंदाला सुमारे ३४५ मीटर जातो. आमचा ट्रायपॉडवरचा कॅमेरा मंचाजवळच्या स्पीकरपासून अंदाजे चौतीस मीटरवर होता, म्हणजे त्याच्या मायक्रोफोनपर्यंत आवाज एक दशांश सेकंद उशिरा पोचत होता. प्रकाशाला असा काही उशीर होत नाही. तेव्हा त्याच्या चित्रात ओठ आधी हलतात आणि आवाज मागून येतो. सॉफ्टवेअरला हे माहीत नसतं. ते कॅमेऱ्याचा उशिराचा आवाज मिक्सरच्या आवाजाशी नेमका जुळवतं, आणि त्या भरात चित्र एक दशांश सेकंद आधी सरकतं. आपल्या २५ चित्रांच्या हिशेबात ही चूक अडीच फ्रेमची आहे. बघणाऱ्याला ती सांगता येत नाही, पण काहीतरी खोटं वाटत राहतं, जणू भाषणावर दुसऱ्याच कुणी आवाज दिला आहे. उपाय सोपा आहे. स्पीकरपासून दर चौदा मीटरला चित्र एक फ्रेम पुढे, म्हणजे उशिराकडे, सरकवायचं. मग प, ब, म ही अक्षरं बघायची, कारण ती उच्चारताना ओठ मिटतात. ‘मराठी’ या शब्दातल्या ‘म’ला ओठ मिटलेले दिसले आणि तिथेच आवाज आला, की जुळवणी बरोबर.

मोबाइलचं चित्रण ही वेगळी कथा. त्याची मला फार किंमत वाटते, कारण स्वयंसेवक तिथे असतात जिथे कॅमेरावाला पोचत नाही: जेवणाच्या पंगतीत, पुस्तकांच्या गाळ्यामागे, मुक्कामाच्या शाळेत रात्री रंगलेल्या काव्यवाचनात. पण बहुतेक मोबाइल सेकंदाला ३० चित्रं घेतात, आणि तीही नियमित नाहीत. उजेड कमी झाला की मोबाइल हळूच संख्या कमी करतो, पुन्हा वाढवतो. असं चित्रण थेट टाइमलाइनवर घेतलं तर सुरुवातीला आवाज जुळतो आणि मिनिटा-दोन मिनिटांनी निसटू लागतो. जुळवणी एका टोकाला तपासून भागत नाही, क्लिपच्या शेवटीही बघावी लागते ती यासाठी. अशा क्लिपा आधी हँडब्रेक या मोफत प्रोग्रॅममधून ‘Constant Framerate’ निवडून काढून घेतल्या की चित्रांची संख्या स्थिर होते आणि घसरण थांबते.

तरी ३० चं २५ करताना दर सहा चित्रांतलं एक गळतं. माणूस उभा राहून बोलत असेल तर ते कळत नाही. पण मोबाइल डावीकडून उजवीकडे फिरवला असेल तर चित्र अडखळत जातं. जिथे त्या क्लिपचा स्वतःचा आवाज नको आहे, तिथे मी एकही चित्र न गाळता तीसच्या तीस चित्रं सेकंदाला पंचवीस या वेगाने चालवतो. वेग ८३ टक्के होतो. दिंडीतली पावलं, पुस्तक चाळणारे हात, फुगडी घालणाऱ्या बायका किंचित संथ होतात आणि बघायला छान वाटतात.

स्वयंसेवकांना सुरुवातीलाच तीन गोष्टी सांगितल्या तर यातला बराच त्रास वाचतो. मोबाइल आडवा धरा, एक शॉट दहा सेकंद हात न हलवता घ्या, आणि क्लिप व्हॉट्सॲपवर नेहमीसारखी पाठवू नका. तशी पाठवली की तिचा आकार कमी करताना चित्राचा तपशील जातो आणि मोठ्या पडद्यावर चेहरे पुसट दिसतात. डॉक्युमेंट म्हणून पाठवली किंवा रात्री केबलने उतरवून घेतली तर जशीच्या तशी मिळते. आडव्या मोबाइलचा आग्रह सगळेच पाळत नाहीत. उभं चित्रण आलं आणि ते साध्या एचडीत असलं, तर आडव्या चौकटीसाठी त्यातली १०८० बाय ६०८ एवढीच पट्टी हाती लागते, ती ताणली की धूसर होते. तेच उभं चित्रण फोर-केमध्ये असेल तर २१६० बाय १२१५ ची पट्टी मिळते, आणि ती एचडी फिल्मला पुरून उरते. म्हणून चौथी सूचना द्यायची असेल तर ती फोर-केची.

आवाजाचा कणा आणि चित्रं दोन्ही हाताशी आली की क्रम ठरवायचा. तीन दिवस तीन तुकड्यांत दाखवायचे, ‘दिवस पहिला’, ‘दिवस दुसरा’ अशा पाट्या लावायच्या, ही सगळ्यात आधी सुचणारी रचना. ती मी टाळतो. पाटी आली की बघणारा मोजू लागतो आणि उद्घाटनानंतर दुसऱ्या दिवशीच्या परिसंवादाला पुन्हा शून्यापासून सुरुवात करावी लागते. त्याऐवजी तीन दिवस मिळून एकच दिवस करावा. पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत उजेड जसा बदलतो, त्या क्रमाने तिन्ही दिवसांतले शॉट लावायचे. संमेलनाचा दिनक्रम या रचनेला अगदी पूरक असतो: दिंडी सकाळी, भाषणं दिवसा, कविता रात्री.

त्या फिल्मची सुरुवात काळ्या पडद्यावर टाळांच्या आवाजाने होते. दोन सेकंदांनी चित्र येतं, पालखीतल्या ग्रंथांवर पडलेलं कोवळं ऊन. चौदाव्या सेकंदापर्यंत कुणीही बोलत नाही, त्या अवधीत संमेलनाचं आणि गावाचं नाव येऊन जातं. पुढे दिंडी गावातून चालते, लेझमीचा ताल चढतो, आणि चित्रात दिंडी चालू असतानाच अध्यक्षांचा आवाज सुरू होतो. तीन सेकंदांनंतर त्यांचा चेहरा दिसतो. चित्राच्या आधी पुढच्या प्रसंगाचा आवाज आणण्याची ही रीत संकलनात फार जुनी आहे. तिच्यामुळे रस्त्यावरून मंचावर जाताना धक्का बसत नाही, उलट रस्त्यावरची माणसं आणि मंचावरचं वाक्य एकमेकांना चिकटतात. एक मिनिट दहा सेकंदांपासून पुस्तकांचे गाळे, कवी कट्टा, मुलं, जेवण. इथे शॉट दीड-दोन सेकंदांचे, कारण गर्दीची लगबग तशीच असते. मग एक मिनिट पन्नासला संध्याकाळ होते, दिवे लागतात आणि फिल्मचा वेग मी मुद्दाम पाडतो. कवी संमेलनातल्या एका कवयित्रीचं वाचन अठरा सेकंद सलग ठेवलं आहे, एकही कट न करता. तीन मिनिटांच्या फिल्ममध्ये अठरा सेकंद म्हणजे दहावा हिस्सा. पण कविता तोडली तर कवी संमेलन दाखवलं असं म्हणता येत नाही. आणि आधीच्या दीड मिनिटात घाई केली असेल तरच ही उसंत परवडते.

एकूण शॉट झाले सत्तरच्या आसपास. त्यातला एक निवडताना बराच वेळ गेला. ओव्यांबद्दल अध्यक्ष बोलत असताना समोरची एक आजी पदराने डोळे टिपत होती. फिरत्या कॅमेऱ्याकडे तिचा नीटस शॉट होता, पण तो ती डोळे टिपून झाल्यानंतरचा. तो क्षण नेमका होता एका स्वयंसेवकाच्या मोबाइलमध्ये: हललेला, थोडा अंधारा, कडेला कुणाचं तरी डोकं आलेलं. मी मोबाइलचा घेतला. वॉल्टर मर्चने ‘इन द ब्लिंक ऑफ ॲन आय’ या पुस्तकात कट कुठे करावा याच्या सहा कसोट्या दिल्या आहेत. तिथे भावनेला ५१ टक्के वजन आहे, कथेला २३ आणि लयीला १०. चित्रातली जागा-दिशा वगैरे बाकीच्या तीन कसोट्या मिळून उरलेल्या १६ टक्क्यांत येतात. कॅमेऱ्याच्या दर्जाला तर त्या यादीत स्थानच नाही. मोबाइल आणि कॅमेरा एकत्र आणताना ही यादी मला दर वेळी उपयोगी पडते.

याच जागी संकलकाच्या हातून सगळ्यात मोठा अन्यायही होऊ शकतो. आजीचा शॉट त्याच भाषणातला होता, ११.३२ चाच. पण समजा तो नसता. दुसऱ्या दिवशीच्या एखाद्या श्रद्धांजलीच्या कार्यक्रमात डोळे पुसणारा चेहरा मिळाला असता आणि तो अध्यक्षांच्या वाक्यानंतर लावला असता, तर बघणाऱ्याने निःशंकपणे तो त्या वाक्याचा परिणाम मानला असता. दोन चित्रं लागोपाठ आली की मन त्यांच्यात नातं जोडतं, हे रशियन दिग्दर्शक लेव कुलेशोव यांनी शंभर वर्षांपूर्वी दाखवून दिलं आहे. दिंडीतले पहिल्या आणि तिसऱ्या दिवसाचे शॉट एकत्र करणं मला गैर वाटत नाही, तिथे कुणाच्या तोंडी काही घातलं जात नाही. पण वक्त्याच्या वाक्याला मिळालेली दाद त्याच वाक्याची हवी. पडेल भाषणाला दुसऱ्या सत्रातल्या टाळ्या जोडणं हे खोटी साक्ष देण्यासारखं आहे. आयोजक तसा आग्रह धरतात, विशेषतः मंचावर राजकीय पाहुणे असले की. तेव्हा नाही म्हणायचं.

वाक्य कुठे तोडायचं याचीही तीच जबाबदारी. कुणी म्हणालं, “मराठी मरते आहे असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही,” आणि वेळ वाचवायला पहिले तीन शब्द घेतले, तर अर्थ पार उलटा होतो. हे उदाहरण ढोबळ आहे, प्रत्यक्षात फरक बारीक असतो. ‘कदाचित’, ‘काही अंशी’, ‘मला वाटतं’ हे शब्द संकलकाला अडगळ वाटतात आणि ते काढले की वाक्य ठसठशीत होतं. पण मग ते त्या वक्त्याचं राहत नाही. मी तोडलेलं प्रत्येक वाक्य वही लिहिणाऱ्या मुलीला ऐकवलं. तिने पूर्ण भाषण ऐकलेलं होतं, मी नव्हतं. एका ठिकाणी ती म्हणाली, “सर असं नाही म्हणाले.” तो तुकडा काढला.

सत्कारांचा प्रश्न उरतोच. तीन दिवसांत शाल-श्रीफळाचे कितीतरी प्रसंग होतात आणि प्रत्येक सत्कारमूर्तीला, त्याहून जास्त सत्कार करणाऱ्याला, आपण फिल्ममध्ये असावं असं वाटतं. समितीतले एक काका रात्री अकराला येऊन म्हणाले, “साहेबांचा एक शॉट तेवढा बसवा.” त्यांच्यामागे आणखी चौघांची यादी होती. यावर चालणारी व्यवस्था एकच: संमेलनाच्या आधीच समितीने एक माणूस नेमायचा, फिल्मबद्दलचा शब्द त्याचाच. बाकी सगळ्यांनी त्याला सांगायचं, संकलकाला नाही. मान्यवरांची आणि देणगीदारांची नावं शेवटच्या पाच सेकंदांच्या पाटीवर येतात, तिथे कुणी सुटता कामा नये. ती यादी कागदावर सही घेऊन मागावी. फिल्मच्या पोटात मात्र सत्काराचा एकच शॉट, तोही ज्याच्या चेहऱ्यावर खरोखर काही उमटलं आहे त्याचा.

त्या पाटीबद्दल एक सूचना. काही सॉफ्टवेअरमध्ये मराठी लिहिलं की जोडाक्षरं तुटतात आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या पुढे जाऊन बसते. प्रीमियरमध्ये ‘South Asian and Middle Eastern’ हा पर्याय निवडला की मजकूर सरळ होतो. नावं संपूर्ण पडद्यावर मोठी करून दुसऱ्याकडून वाचून घ्यावीत. साहित्य संमेलनाच्या फिल्ममध्ये अशुद्ध मराठी दिसू नये.

संगीत मी बाहेरून आणलं नाही. चित्रपटातलं गाणं घेतलं तर यूट्यूबची यंत्रणा ते ओळखते आणि फिल्म रोखली जाऊ शकते, शिवाय ती दुसऱ्याची मालमत्ता आहे. पारंपरिक अभंगाचे शब्द सगळ्यांचे असले तरी कुणीतरी गाऊन ध्वनिमुद्रित केलेला तो अभंग त्या गायकाचा आणि ध्वनिमुद्रण कंपनीचा असतो. त्यापेक्षा दिंडीबरोबर रेकॉर्डर घेऊन चालावं आणि टाळ-मृदंग, लेझीम तीन-चार मिनिटं न थांबता मुद्रित करावं, वादकांना विचारून. फिल्मचा सगळा ताल त्यातून निघतो. कॅमेरे चालू-बंद होत असतात, त्यामुळे त्यांच्यातून सलग ताल मिळत नाही. हे काम रेकॉर्डरचंच.

समारोपाच्या आधी फिल्म दाखवायची तर तिच्यात समारोप नसणार. खुल्या अधिवेशनात ठराव मंजूर होताना वर गेलेले हात दुपारी एकला चित्रित झाले आणि त्यांच्यासाठी राखून ठेवलेल्या आठ सेकंदांत बसवले. अशी रिकामी जागा आदल्या रात्रीच सोडून ठेवावी लागते. शेवटच्या क्षणी आलेला शॉट घुसवायला सगळी फिल्म हलवली तर आवाजाची जुळवणी मोडते, आणि ती पुन्हा तपासायला वेळ नसतो. एक वाजता चित्रण, दीडला जागेवर, तीनला मांडवातल्याच पडद्यावर आणि मांडवातल्याच स्पीकरवर चाचणी. हेडफोनवर गोड वाटलेला आवाज मांडवात घुमतो आणि बोलणं संगीतात बुडतं, म्हणून शब्दांखालचा ताल तिथे ऐकून आणखी कमी करावा लागतो.

फिल्म लागून गेली की आयोजकांचं लक्ष मूळ चित्रणावरून उडतं. बावीस तासांचं चित्रण काही शे जीबी जागा खातं. कार्डं दुसऱ्या कामाला हवी असतात, संकलकाची डिस्क भरलेली असते, आणि महिन्या-दोन महिन्यांत सगळं पुसलं जातं. त्या बावीस तासांत अध्यक्षांचं पूर्ण भाषण आहे, प्रत्येक कवीचं पूर्ण वाचन आहे, परिसंवादातले वाद आहेत. तीन मिनिटांची फिल्म त्याची जागा घेऊ शकत नाही. तुम्ही एखाद्या संमेलनाच्या, महोत्सवाच्या समितीवर असाल, तर खर्चाच्या अंदाजपत्रकात दोन हार्ड डिस्कचे पैसे धरा. संकलकाकडून मूळ चित्रण आणि मिक्सरचं रेकॉर्डिंग दोन्ही मागून घ्या, त्या वहीची एक झेरॉक्स सोबत ठेवा, आणि एक डिस्क गावच्या सार्वजनिक वाचनालयात जमा करून पोच घ्या.